डाय लागतो केसाला, पांढरं होतं मूळ

(नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्त्या त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि नागपुरातच प्रॅक्टिस करतात.)

नमस्कार. मघाशी दाराशी चपला काढत होते, तेव्हा मागून दोघीजणी आल्या. एक दुसरीला हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाईचंच डोकं पांढरं आहे, त्या काय सांगणार!" बाई, मी ऐकलं बरं का. तुमचा मुद्दा बरोबर आहे. चोविसाव्या वर्षी पहिला पांढरा केस दिसला, दहा वर्षं डाय केला आणि मग सोडून दिला. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, दर तीन आठवड्यांनी बाथरूमच्या फरशीवरचे डाग घासायचा कंटाळा आला, इतकंच.

आजचा प्रश्न माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. "डॉक्टर, डाय सुरू केला आणि सगळेच पांढरे झाले. आधी दहा-बाराच होते हो." सांगणारा खोटं बोलत नसतो, त्यानं तसं पाहिलेलं असतं. म्हणून 'गैरसमज आहे' असं म्हणून मी हा प्रश्न उडवून लावत नाही. त्याला दिसतं ते तसं का दिसतं, ते आज पाहू.

मागच्या उन्हाळ्यात एक शिक्षिका आल्या होत्या. वय ३७. डोक्याला ओढणी गच्च गुंडाळलेली. नागपूरचा मे महिना, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नसतं, पण त्यांनी दवाखान्यात कूलरपुढे बसूनही ओढणी सोडली नाही. एकतिसाव्या वर्षी कानशिलापाशी थोडे केस पांढरे दिसले म्हणून त्यांनी पुडीतला काळा डाय सुरू केला. दर तीन आठवड्यांनी घरीच, वाटीत कालवून, सगळ्या डोक्याला. सहा वर्षं हे चाललं. मग शाळेतल्या कोणीतरी सांगितलं की डायनंच केस पांढरे होतात, म्हणून तीन महिन्यांपूर्वी बंद केला. आता भांगात तीन बोटं पांढरा पट्टा. "मीच माझ्या हातानं करून घेतलं," असं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पट्टी घेतली आणि तो पट्टा मोजला. तीन सेंटिमीटर भरला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब बरोबर. मग भिंगाखाली कानशिलावरचे शंभर केस मोजले, त्यात ३८ पांढरे निघाले. तेच डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, शंभरात १२.

आता इथं जरा थांबा. डाय सगळीकडे सारखा लावलेला. तोच ब्रश, तीच वाटी, तेवढाच वेळ. पांढरं करण्याचं काम डायचं असतं तर मागची बाजू कानशिलाइतकीच पांढरी व्हायला हवी होती. झाली तिपटीनं कमी. केस पांढरे होण्याचा नेहमीचा क्रम असाच असतो. आधी कानशिलं, मग वरचा भाग, शेवटी मागचा. ज्यानं जन्मात डाय लावला नाही त्याच्या डोक्यातही हाच क्रम दिसतो. बाईंची थोरली बहीण अमरावतीला असते, तिनं कधी काही लावलेलं नाही. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला, कानशिलं अगदी अशीच. एका बहिणीवरून शास्त्र ठरत नाही हे मला कळतं. पण एकाच डोक्याच्या दोन बाजूंतला फरक मला बहिणीच्या फोटोपेक्षा मोठा साक्षीदार वाटतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. डोक्यावरचा एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग थोडा काळ नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा येतो. रोज पन्नास-शंभर केस असे जातातच. म्हणजे एकतिसाव्या वर्षी ज्या केसांना पहिला डाय लागला, त्यातले बहुतेक सगळे केव्हाच गळून, केरसुणीनं झाडले जाऊन गेले. आज डोक्यावर आहेत ते त्यांच्या जागी आलेले नवे. आणि या सहा वर्षांत नव्यांपैकी किती पांढरे उगवत होते, हे त्यांना दिसायला मार्गच नव्हता, कारण दर तीन आठवड्यांनी वर काळा रंग चढत होता. पांढरे हळूहळूच वाढत होते. सहा वर्षांचा सगळा जमाखर्च मात्र तीन महिन्यांत एकदम समोर आला.

आता केसाच्या आत जाऊ. आपल्याला दिसतो तो केस मेलेला असतो, नखासारखा. जिवंत असतं ते मूळ, आणि ते कातडीखाली तीन-चार मिलिमीटर खोल असतं. त्या मुळाच्या कांद्यात रंगपेशी बसलेल्या असतात. केस घडत असतानाच त्या त्याच्यात काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, भरतात. एकदा केस कातडीबाहेर आला की त्याला आतून रंग मिळणं संपलं. कांद्याच्या जरा वर, मुळाच्या भिंतीत रंगपेशींच्या राखीव पेशी असतात. जुना केस जाऊन नवा घडायला लागतो, त्या वेळी या राखीव पेशींतून नव्या रंगपेशी तयार होऊन खाली उतरतात. हा राखीव साठा संपला, किंवा तिथल्या पेशी खाली उतरेनाशा झाल्या, की त्या मुळातून येणारा पुढचा केस पांढरा. पांढरं होणं म्हणजे एवढंच. आणि हे प्रत्येक मुळाचं आपापलं असतं, शेजारच्याचा संबंध नाही. म्हणून 'एक उपटला तर दहा येतात' हेही खरं नाही. एका मुळातून एकच येतो, आणि उपटलात तरी तोच पांढरा परत येतो.

डाय कुठे काम करतो? बाहेर, मेलेल्या केसावर. पार्लरमधल्या डायमध्ये दोन वस्तू असतात. ट्यूबमध्ये अमोनिया आणि पीपीडी नावाचं रसायन, बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरवाले या बाटलीला डेव्हलपर म्हणतात, आणि 'वीस व्हॉल्यूम' म्हणाले की तो सहा टक्के पेरॉक्साइड. अमोनियानं केसाचे बाहेरचे खवले उघडतात, पेरॉक्साइड आत शिरून आतला उरलासुरला काळा रंग थोडा उडवतो आणि त्याच वेळी पीपीडीचा आतल्या आत मोठा रंगकण बनवतो. कण इतका मोठा होतो की परत बाहेर पडत नाही. पुडीतल्या डायमध्ये हेच पेरॉक्साइड पाण्यात कालवल्यावर तयार होईल अशा कोरड्या रूपात असतं. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून मिळते तिच्यातही बहुतेक वेळा पीपीडीच असतं. नुसत्या मेंदीचा रंग तांबूस येतो, काळा येत नाही.

यातली 'काळा रंग थोडा उडवतो' ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तक्रारीचा निम्मा भाग तिच्यातच आहे. तुमचे जे केस अजून काळे आहेत, त्यांचाही स्वतःचा काळेपणा डाय करताना थोडा जातो. वरून चढवलेला रंग महिना-दीड महिन्यात धुऊन फिका पडला की ते तांबूस, कधी पिंगट दिसतात. मग वाटतं, माझे काळेभोर केसही गेले. गेले ते बाहेर आलेल्या केसांपुरते. मुळातून येतो तो काळा असेल तर काळाच येतो. आणि काळ्या रंगाला टेकून उगवलेला अर्धा सेंटिमीटर पांढरा जितका डोळ्यात भरतो, तितका करड्या डोक्यातला पांढरा कधी भरत नाही. पार्लरवाले म्हणतात ना, "मॅडम, रूट दिसतंय"? ते काळ्या-पांढऱ्याच्या विरोधानंच दिसतं.

इथं कोणीतरी हुशार माणूस विचारतोच, कारण ते वर्तमानपत्रात येऊन गेलंय. २००९ साली जर्मनीतल्या आणि इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या केसांत हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेलं असतं. मग डायमधल्या पेरॉक्साइडनं केस पांढरे का होणार नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण ते साठलेलं पेरॉक्साइड डायमधून आलेलं नव्हे. शरीरातल्या पेशी काम करता करता ते थोडं थोडं बनवतच असतात, आणि कॅटलेझ नावाचं एक एन्झाइम ते मोडून पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. वय वाढतं तसं मुळातलं कॅटलेझ कमी पडतं आणि घरचाच कचरा घरात साठतो. डायचं पेरॉक्साइड अर्धा तास वर असतं, कातडीतही ते मोडणारं एन्झाइम असतं, आणि नंतर आपण डोकं धुतो. डाय लावणाऱ्यांचे केस न लावणाऱ्यांपेक्षा लवकर पिकतात, असं दाखवणारा भरवशाचा पुरावा आजतागायत पुढे आलेला नाही.

एक अपवाद मात्र मी सांगणार, कारण तो दवाखान्यात खरोखर दिसतो. पीपीडीनं काही जणांच्या कातडीतल्या रंगपेशी मरतात. कपाळाच्या वरच्या कडेला, कानामागे किंवा भांगात कातडीवरच पांढरा डाग पडतो आणि त्या डागातून उगवणारा केसही पांढरा येऊ शकतो. कोलकात्यात रसायनांमुळे पडलेल्या पांढऱ्या डागांच्या ८६४ रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यात जास्त दोष केसांच्या डायकडे निघाला. टिकलीचा गोंद आणि रबरी चपलासुद्धा त्या यादीत होत्या. पण हे ओळखणं सोपं आहे. नेहमीच्या पिकण्यात कातडीचा रंग बदलत नाही, केस डोकंभर विखरून पांढरे होतात. डायच्या डागात आधी कातडी पांढरी होते आणि त्याला कड असते. असा डाग दिसला तर पीपीडीवाला डाय त्याच दिवशी बंद, काळी मेंदी धरून. डायनं खाज सुटते, दुसऱ्या दिवशी पापण्या सुजतात, ती ॲलर्जी. ती वेगळी गोष्ट, पण तिच्यातही डाय बंदच करायचा. खोक्यावर लिहिलेलं असतं की आधी थोडा कानामागे लावून ४८ तास थांबा. आमच्याकडे सुजलेले डोळे घेऊन येणाऱ्यांपैकी ते कोणी वाचलेलं नसतं. मीही दहा वर्षांत एकदाच वाचलं होतं.

मग लवकर केस का पिकतात? आपल्याकडे २५ वर्षांच्या आत पांढरे केस आले तर त्याला आम्ही अकाली म्हणतो. आणि सगळ्यात मोठं कारण घरातच असतं, आई-वडिलांत. २०१६ साली लॅटिन अमेरिकेतल्या सहा हजारांवर लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात आयआरएफ४ नावाच्या जनुकाचा केस पिकण्याशी संबंध सापडला. हे जनुक मेलॅनिन बनवण्याच्या कामात असतंच. एकट्या त्याच्यावर सगळं ठरत नाही, पण राखीव साठा किती वर्षं पुरणार याचा मोठा भाग जन्मतःच ठरून येतो. माझ्या आईचे केस तिशीत पांढरे होते. मला त्याहून काही वेगळं होण्याचं कारण नव्हतं.

म्हणूनच समोर विशीतला मुलगा बसला की मी आधी घरच्यांचे केस कधी पिकले ते विचारते. उत्तर 'कोणाचेच नाही' असं आलं की मात्र कान टवकारते. असाच एक मुलगा आला होता, २१ वर्षांचा, इंजिनीअरिंगचा. वडील पन्नाशीतही काळेभोर. पोराच्या डोक्यात वर्षभरात सगळीकडे पांढरे. तो खापर होस्टेलच्या बोअरच्या पाण्यावर फोडत होता. मी त्याचे हात पाहिले. बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळपट झालेली. जीभ लाल, गुळगुळीत. पायाला मुंग्या येतात का? "हो, रात्री येतात." घरी पूर्ण शाकाहार, दूध आवडत नाही, दह्याचा वास नको. म्हणजे बी-१२ येणार कुठून? ते वनस्पतीत नसतं. तपासणीत बी-१२ निघालं ११८, खालची मर्यादा साधारण २००. हिमोग्लोबिनही कमी. थायरॉइड ठीक होतं. तेही तपासावं लागतं, कारण त्याच्या बिघाडानंही हे होतं.

त्याला जूनमध्ये बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या महिन्याभरात कमी झाल्या. केसांसाठी मी मुद्दाम काही आश्वासन दिलं नाही. नोव्हेंबरात तो आला तेव्हा त्याच्या परवानगीनं मी त्याचे दोन केस घेतले आणि या काळ्या कार्डावर चिकटवले. समोरच्या रांगेपासून पुढे पाठवते, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठे करून बघा. पहिला टोकापासून मुळापर्यंत पांढरा, तो काही परतला नाही. दुसऱ्याची टोकाकडची बाजू पांढरी आहे आणि मुळाकडचे जवळजवळ तीन सेंटिमीटर गडद. कार्ड काळं, म्हणून तो भाग शोधावा लागेल. तीन सेंटिमीटर म्हणजे तीन महिने, म्हणजे तो केस ऑगस्टच्या सुमाराला पुन्हा रंग भरायला लागला.

आणि हा डाय नव्हे कशावरून? डाय केलेल्या केसांत रंगाची सीमा धारदार असते आणि सगळ्या केसांत कातडीपासून सारख्याच अंतरावर येते, कारण डाय एकाच दिवशी लागला. शिवाय तिथं पांढरा भाग मुळाकडे असतो. इथं उलटं आहे, आणि रंग काही मिलिमीटरभर हळूहळू उतरत जातो. त्याच्या डोक्यात असे वीसेक केस मला सापडले, प्रत्येकाची सीमा वेगळ्या जागी. बाकीचे पांढरेच राहिले. कमतरतेमुळे पिकलेले केस असे परततात, पण थोडे, आणि राखीव पेशी शिल्लक असतील तरच. घराण्यातून आलेले परतत नाहीत. तिथं बायोटिनच्या गोळ्यांचा डबा संपवून काही उपयोग होत नाही, मेडिकलवाल्याचा तेवढा होतो.

ताणाचं विचाराल. २०२० साली हार्वर्डमध्ये काळ्या उंदरांवर प्रयोग झाला. वेदना आणि ताणानं त्यांच्या कातडीतल्या मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनालिन सुटलं आणि राखीव पेशी एकदम कामाला लागून संपून गेल्या. पुढचे केस पांढरे. माणसांत २०२१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मी मोजले तसेच, पण फार बारकाईनं, केसांचे तुकडे मोजून त्या त्या आठवड्यातल्या ताणाशी ताडून पाहिले. एका माणसाचे पाच केस सुटीवर असताना पुन्हा गडद झालेले सापडले. पाचच. जे केस पांढरे होण्याच्या उंबरठ्यावर असतात, त्यांच्यावरच ताणाचा असा परिणाम दिसत असावा. त्यामुळे सत्तरीतल्या काकांनी महाबळेश्वरला जाऊन यावं, पण काळं डोकं घेऊन परतायची आशा धरू नये. सिगारेट ओढणाऱ्यांत मात्र केस लवकर पिकतात असं अनेक पाहण्यांत दिसलंय. ते अभ्यास सिगारेटवर झालेत, म्हणून खर्रेवाल्यांनी लगेच खूश होऊ नये.

बोला, कोणाचा हात वर आहे? मागून, हो, तुम्ही.

("मॅडम, माझं इतवारीत कटिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणते, डोक्याला डाय मारतो तर दाढीबी पांढरी झाली. काहून होते?")

भाऊ, तो दाढीला डाय लावतो का? नाही ना. छातीवरच्या केसांनाही नाही लावत. त्यांना डाय न लागताही ते पांढरे झाले. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकानं माझं अर्धं व्याख्यान एका वाक्यात सांगितलं. पुरुषांत दाढी-मिशा पुष्कळदा डोक्याच्या आधीच पिकतात, त्याची वेळ आली एवढंच.

(पुढच्या रांगेतून: "तुम्ही डाय सोडल्यावर पांढरे होणं थांबलं का?")

अहो, मघाशी दाराशी तुम्हीच होतात ना? सोडून नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत एकही केस काळा होऊन परतला नाही, आणि नवे पांढरे यायचेही थांबले नाहीत. जसे यायचे तसेच येताहेत. बाथरूमची फरशी मात्र स्वच्छ आहे. ते कार्ड कुठवर पोचलं? परत द्या बरं, त्या पोराला अजून दाखवायचं राहिलंय.